उत्तर: ब्राह्मीचं कुलूप ‘दानं’ने उघडलं

> दुभाषी लेख नसताना इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने प्राचीन ब्राह्मी लिपी वाचली कशी?

दुभाषी नाणी होती. अगाथोक्लिस या इंडो-ग्रीक राजाच्या ग्रीक-ब्राह्मी नाण्यावरून अभ्यासक लासेनने 1836 मध्ये राजाचं नाव लावलं होतं. पण खरी वाट सांचीच्या स्तूपाने दाखवली. तिथल्या कठड्यांवरचे बरेचसे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होते. देवळातल्या फरशीवर देणगीदाराचं नाव असतं, तसंच हे असणार, असं 1837 मध्ये प्रिन्सेपने ताडलं. शेवटी ‘दानं’, त्याआधी ‘अमक्याचं’ सांगणारा ‘स’. द, न, स सापडले आणि बाकीची अक्षरं भराभर लागत गेली.

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर मी स्वतः ‘यवनस... थभो दानं’ अक्षर-अक्षर लावत वाचलंय. धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी लोकांनी, बौद्ध लेण्यात खांब दिले, हे आपल्याला या लेखांमुळेच कळतं.