डबल जेपर्डीला मराठीत काय म्हणायचं? ‘दुहेरी शिक्षा’ चालेल?

सुमेधा, दादर: कायद्याची माहिती देणारी एक पुस्तिका मराठीत करते आहे. डबल जेपर्डी, म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी माणसावर दोनदा खटला चालवायचा नाही हा नियम. त्यासाठी मी ‘दुहेरी शिक्षेला मनाई’ लिहिलं. संपादकांनी ते खोडलं. म्हणाले, निर्दोष सुटलेल्याला शिक्षा झालेलीच नसते, मग दुहेरी कशी होणार? मुद्दा पटला, पण बदली शब्द सुचत नाही.

गिरगावकर: ‘दुबार खटला’ लिहा. दुबार पेरणी, दुबार मतदार सगळ्यांना कळतं. आणि नियम सरळ आहे: एकदा सुटला की कायमचा सुटला. संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे.

श्रीधरपंत: दुबार फारसी आहे. ‘पुनरभियोग-निषेध’ म्हणा. अभियोग पक्ष हा शब्द आपण वापरतोच की.

गिरगावकर: पंत, पुस्तिका वाचणार कोण? कोर्टाच्या जिन्यात बसलेला माणूस. त्याला निषेध म्हटलं की मोर्चा आठवेल.

ॲड. नीला: शब्दाआधी एक गोष्ट. अनुच्छेद २०(२) मध्ये खटला ‘आणि’ शिक्षा असं आहे. दोन्ही झालं असेल तरच ते कलम आड येतं. म्हणजे ‘दुहेरी शिक्षा’ हा शब्द संविधानाच्या कलमाला बरोबर बसतो, पण निर्दोष सुटलेला माणूस त्यातून बाहेरच राहतो. त्याचं संरक्षण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. पूर्वी कलम ३००, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३३७. तिथे दोषी ठरलेला आणि सुटलेला, दोघेही येतात. अटी दोन, अधिकार असलेल्या कोर्टात खटला चाललेला हवा आणि तो निकाल अजून कायम असायला हवा.

मनीषा, डोंबिवली: माझे मामा एका फसवणुकीच्या केसमधून ‘सुटले’ होते. घरात पेढे वाटले. आता त्याच प्रकरणात परत समन्स आलंय. हे बेकायदा ना?

ॲड. नीला: आदेशाची नक्कल काढून बघा. आरोप निश्चित झाला होता का? साक्षी झाल्या होत्या का? आरोप ठेवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून आधीच सोडलं असेल, तर ती आरोपमुक्ती. ३३७ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की ती निर्दोष सुटका धरायची नाही, त्यामुळे नवा पुरावा आला तर परत बोलावता येतं. पेपरवाले दोन्हीला ‘सुटका’ लिहितात आणि घरच्यांची फसगत होते.

मनीषा: साक्षी नव्हत्या झाल्या. वकिलांनी अर्ज केला आणि पहिल्याच टप्प्यात सोडलं.

ॲड. नीला: मग आरोपमुक्तीच दिसते. तरी आदेश वाचल्याशिवाय माझ्या शब्दावर जाऊ नका.

गिरगावकर: हे सगळं पुस्तकात. खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींचं काय? ज्युरीने १९५९ साली आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं होतं. आमचे आजोबा कोर्टाबाहेरच्या गर्दीत होते. तरी हायकोर्टाने जन्मठेप दिलीच. दुबार खटलाच झाला तो.

ॲड. नीला: नाही झाला. ज्युरीचं मत म्हणजे निकाल नव्हे. सेशन्स जज ते मान्य करतील तेव्हा सुटकेचा आदेश निघायचा. जज मेहतांना ते मत पुराव्याशी विसंगत वाटलं. त्यांनी आदेश न देता जुन्या कायद्याच्या ३०७ कलमाखाली प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं. सुटका कागदावर आलीच नव्हती, मग तिचं संरक्षण कुठून मिळणार? हायकोर्टाने तोच नोंदलेला पुरावा तपासून १९६० मध्ये शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली.

श्रीधरपंत: म्हणजे ‘सुटका’ शब्दच सैल. कायद्याचा शब्द ‘दोषमुक्ती’ आहे, तोच रूढ करा.

अन्वर, कुर्ला: दोषमुक्तीत दोष आधी होता असं वाटतं. कर्जमुक्ती म्हणजे कर्ज होतं, ते गेलं. सुटलेल्या माणसाला हे लागतं हो. ‘निर्दोष मुक्तता’च बरं.

गिरगावकर: बरं, पण सरकार सुटकेविरुद्ध अपील करतंच की. अपिलात शिक्षा झाली तर माणूस दुसऱ्यांदाच पिंजऱ्यात. अमेरिकेत निर्दोष ठरल्यावर सरकारला अपीलच नाही.

ॲड. नीला: आपल्याकडे अपील हा त्याच खटल्याचा पुढचा भाग मानतात. कोर्टापुढे कागद तेच असतात. नियम ज्याला अडवतो ते वेगळं आहे. पहिल्या वेळी साक्षीदार कुठे अडखळले ते पाहून सरकारने नव्या खटल्यात तीच भोकं बुजवायची, आणि माणूस दोषी ठरेपर्यंत हे करत राहायचं. एवढं बळ सरकारच्या हाती द्यायचं नाही, म्हणून हे कलम.

गिरगावकर: मग अपिलात फेरसुनावणीचा आदेश होतो तेव्हा? तेव्हा साक्षीदार परत येतातच ना?

ॲड. नीला: येतात. पण तेव्हा पहिला निकाल रद्द झालेला असतो, कायम नसतो.

गिरगावकर: कागदावर. आरोपीच्या घरी विचारा.

सुमेधा: मथळ्यात ‘दुबार खटला’ टाकू का? पुस्तिका शुक्रवारी छापायला जायची आहे.

श्रीधरपंत: दुबार नको. ‘पुनश्च खटला’ तरी करा.

मनीषा: नीलाताई, नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते? केस नंबर मामांना आठवत नाही.