मदत हवी आहे: हुकूमनामा हातात आहे, समोरचा पैसे देत नाही. जप्ती आधी कशावर आणावी?

पाटपाणी
नमस्कार मंडळी. उसनवारीच्या दाव्यात माझ्या बाजूने निकाल लागून सव्वा वर्ष झालं. मुद्दल ४,८०,००० रुपये आणि दावा दाखल केल्यापासून वसुलीपर्यंत ६ टक्के व्याज. दाव्याला तीन वर्षं झाली, म्हणजे आजचा आकडा ५,६६,४०० च्या घरात जातो. दाव्याचा खर्च वेगळा. समोरच्याने अपील केलेलं नाही आणि एक छदामही दिलेला नाही. फोन केला की म्हणतो, "कोर्टातून काय करायचं ते करा."

त्याच्याबद्दल मला तीन गोष्टी माहीत आहेत. तो एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. पगार हातात साधारण ४०,००० येतो, स्लिपवर ४६,००० दिसतो. त्याने पूर्वी दिलेला एक चेक आहे, त्यामुळे बँक, शाखा आणि खातं नंबर कळतो. तिसरं म्हणजे राहता फ्लॅट. तो त्याच्या नावावर होता, निकालानंतर दोन महिन्यांनी त्याने बायकोच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून टाकलं.

वकीलसाहेब म्हणतात घरातल्या सामानाची जप्ती लावू, बेलिफ दारात दिसला की माणूस बरोबर पैसे काढतो. मला ते पटत नाहीये. वसुलीसाठी कोर्टात जो अर्ज म्हणजे दरखास्त द्यायची, तिच्यात नेमकं काय मागावं?

बिनधास्त_बाळू
सरळ पगारावर जा. पगाराचा एक तृतीयांश भाग कोर्ट कापून देतं, पूर्ण पैसे वसूल होईपर्यंत. आणि निकालानंतर केलेलं बक्षीसपत्र आपोआप रद्द असतं, त्याची चिंता सोडा.

नाझर_निवृत्त
बाळूराव, अर्धं बरोबर आहे. पण उरलेल्या अर्ध्यात लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी कोर्टाच्या नाझर शाखेत, म्हणजे बेलिफ आणि जप्तीची कामं बघणाऱ्या शाखेत गेली, वकिली केलेली नाही. तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

आधी पगार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. हिशोब हातात पडणाऱ्या रकमेवर करू नका. व्याख्या दरमहाच्या एकूण मोबदल्याची आहे. ४६,००० मधून १,००० गेले, ४५,००० राहिले, त्याचा तिसरा हिस्सा १५,०००. इतके दर महिन्याला येऊ शकतात.

पण "पूर्ण वसूल होईपर्यंत" नाही. एकाच हुकूमनाम्यासाठी जप्ती एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. सलग असो वा तुकड्या-तुकड्यांनी, बेरीज २४ धरायची. म्हणजे जास्तीत जास्त ३,६०,०००. तुमच्या आजच्या रकमेतून २,०६,४०० बाकी उरतात, आणि दरम्यान व्याज चालूच. तेव्हा पगार हा एक पाय, त्यावर एकट्यावर उभं राहता येणार नाही.

घरातल्या सामानाबद्दल तुमची शंका रास्त आहे. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. उरतो टीव्ही, फ्रिज, सोफा. बेलिफ यादी करायला लागला की घरातलं कुणीतरी पावती पुढे करतं की हे माझं आहे, आणि त्यावर वेगळा अर्ज सुरू. साहेबांचं म्हणणं अगदी खोटं नाही, लाजेखातर पैसे देणारे मी पाहिले आहेत. पण जो फोनवर "काय करायचं ते करा" म्हणतो, तो त्यातला वाटत नाही.

शब्दांच्या_पलीकडे
माझ्या बहिणीच्या केसमध्ये तर पगाराचे दोन तृतीयांश कापले जातात. इथे १५,००० च का? नीट भांडला नाहीत तर कमी मिळतं असं दिसतंय.

नाझर_निवृत्त
ताई, बहिणीची पोटगीची केस असणार. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांशच सुरक्षित असतो, बाकीचा जप्त होऊ शकतो. उसनवारीला ते लागू नाही.

पगारपत्रक
मी एका कंपनीत पेरोल बघते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. कोर्टाचा आदेश पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे येतो. आम्ही दर महिन्याला रक्कम कापून कोर्टात पाठवतो. आदेश मिळूनही पूर्ण पगार दिला तर ती रक्कम कंपनीच्या अंगावर येते, त्यामुळे लीगलवाले आदेश बाजूला ठेवत नाहीत. अडचण येते ती नाव-पत्त्यात. "अमुक कंपनी, मॅनेजर" एवढंच लिहिलं असेल तर ते पत्र गेटवरच फिरत राहतं. पगार कोणत्या कार्यालयातून निघतो ते शोधा आणि कर्मचारी क्रमांक मिळाला तर तोही टाका. खासगी नोकरीत ते कार्यालय त्या कोर्टाच्या हद्दीत असावं लागतं. नसेल तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो.

एक आमचाच घोळ: पीएफ आणि टीडीएस वजा करून मग तिसरा हिस्सा काढायचा की आधी? आमच्याकडे दोन वकिलांनी दोन मतं दिली. पीएफला जप्तीपासून संरक्षण आहे हे नक्की, त्यामुळे माझ्या मते तो आधी वजा व्हावा. मग पाटपाण्यांचे १५,००० थोडे कमी होतील.

पाटपाणी
हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. त्याने नोकरी सोडली तर?

पगारपत्रक
तर आम्ही कोर्टाला कळवतो की कर्मचारी सेवेत नाही, आणि कपात थांबते. नवीन कंपनी शोधून नवीन आदेश घ्यावा लागतो. खरं सांगू का, ५-६ लाखांच्या देण्यासाठी चालू नोकरी सोडणारे फार नसतात. धमक्या देणारे बरेच असतात.

नाझर_निवृत्त
आता माझा मुख्य मुद्दा, क्रमाचा. निकालाला दोन वर्षं व्हायच्या आत दरखास्त आली तर तिच्या आधी समोरच्याला नोटीस काढणं बंधनकारक नसतं. दोन वर्षं उलटली की नोटीस लागते. नोटीस मिळाली की खात्यात किती राहील, तुम्हीच विचार करा. तुमचं सव्वा वर्ष झालंय. ही सवलत हातची घालवू नका.

म्हणून दरखास्तीत पहिली मागणी बँक खात्याची करा. कोर्ट बँकेवर मनाई हुकूम काढतं आणि पुढे गार्निशी नोटीस जाते, की खातेदाराचे जे पैसे तुमच्याकडे आहेत ते कोर्टात भरा. हुकूम पोचतो त्या घटकेला जी शिल्लक असेल ती धरली जाते. नंतर जमा होणाऱ्या पैशाला तो आपोआप लागू होत नाही. खातं रिकामं किंवा ओव्हरड्राफ्टचं असेल तर बँक "येणं काही नाही" असं उत्तर देते. बायकोबरोबरचं संयुक्त खातं निघालं तर तिथेही वाद होतो. दरखास्तीत शाखेचं नाव आणि खातं नंबर अचूक लिहा. नुसत्या बँकेच्या नावावर पाठवलेले हुकूम मुख्य कार्यालयातून महिनाभराने परत आलेले मी पाहिले आहेत.

मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागणं ही त्याच्यानंतरची पायरी. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस भागवला नाही तर कोर्ट समोरच्याला त्याची सगळी मालमत्ता शपथेवर लिहून द्यायला सांगू शकतं. नाही दिलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तुम्हाला माहीत नसलेली एफडी, शेअर, दुसरं खातं यातूनच बाहेर येतं. पण हाच अर्ज पहिला केला, तर "तुमचं खातं कुठे आहे ते सांगा" असं सांगून त्याला सावध केल्यासारखं होतं.

बिनधास्त_बाळू
मग उगीच एवढा खटाटोप कशाला, अटक वॉरंट काढा. दोन रात्री आत बसला की पैसे येतात.

अनाम_वाचक
ते इतकं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय की नुसते पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही. ऐपत असून तो टाळतोय, हे दाखवावं लागतं. कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी. आणि आत गेला तरी देणं माफ होत नाही. मात्र निकालानंतर दोन महिन्यांत फ्लॅट बायकोला दिला, हे अप्रामाणिकपणाचं लक्षण म्हणून मांडता येईल.

पाटपाणी
बक्षीसपत्राचं काय? ते आपोआप रद्द नाही ना?

नाझर_निवृत्त
नाही. जप्ती लागल्यावर केलेलं हस्तांतरण तुमच्या वसुलीपुरतं चालत नाही. तुमची जप्ती अजून लागलेलीच नाही, म्हणून तो नियम इथे लागणार नाही. तुम्हाला दाखवावं लागेल की धनकोंना बुडवायला हे केलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. तारखा तुमच्या बाजूने बोलतात. दावा चालू असताना त्याने फ्लॅट हलवला नाही, निकाल लागताच हलवला, तोही बिनमोबदला आणि घरातल्याच माणसाला, आणि स्वतः अजून तिथेच राहतो. लाइट बिल, सोसायटीची पावती कुणाच्या नावाने निघते तेही बघून ठेवा.

पद्धत अशी असते की फ्लॅट त्याचाच समजून जप्ती मागायची. मग बायको हरकतीचा अर्ज करते आणि तिथेच तुम्ही बक्षीसपत्राचा उद्देश मांडता. तो निर्णय हुकूमनाम्याइतकाच वजनाचा असतो. स्वतंत्र दावा करावा की असं करावं, यावर वकिलांत मतभेद आहेत. तुमच्या साहेबांना विचारा.

गणिती_गोंधळ
दोन लाखांच्या बाकीसाठी अख्खा फ्लॅट लिलावाला काढता येईल का? कर्जाचं वजन बघून विक्री करायची असते असं वाचलंय.

नाझर_निवृत्त
प्रश्न रास्त आहे. कोर्ट गरजेपुरतीच मालमत्ता विकतं आणि फ्लॅटचे तुकडे करता येत नाहीत, तेव्हा हा आक्षेप ठोकून घेतला जाईल. पण माझा अनुभव असा की जप्तीचा खरा दाब लिलावाच्या आधीच पडतो. आदेश दारावर लागला, डांगोरा पिटला गेला, सोसायटीला प्रत गेली, की तो फ्लॅट विकायला किंवा गहाण ठेवायला नेता येत नाही. फ्लॅटवर गृहकर्ज आहे का, ते आधी बघा. असेल तर बँकेचा हक्क तुमच्या पुढे राहतो.

पाटपाणी
गृहकर्ज फिटलेलं आहे, तेवढं मला ठाऊक आहे. आणखी एक शंका. त्याचा पगार चेकवरच्याच खात्यात जमा होतो. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हुकूम पोचला, तर खात्यातले ४०,००० पूर्ण धरता येतील, की तिथेही तिसराच हिस्सा?

अनाम_वाचक
खात्यात आल्यावर तो पगार राहत नाही, पूर्ण धरता येतो असं माझं मत.

नाझर_निवृत्त
माझं तसं मत नाही. कलम ६० च्या स्पष्टीकरणात पगाराचा जप्तीयोग्य भाग देय होण्याआधी किंवा नंतरही जप्त होऊ शकतो असं आहे, त्यामुळे संरक्षित भागाचं संरक्षण खात्यातही टिकतं असं म्हणायला जागा आहे. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेचे आदेश निघालेले पाहिलेत. त्या खात्यात पगाराशिवाय दुसरे पैसे येतात का, हे बँकेच्या उत्तरातून कळेल, त्यावर बरंच अवलंबून राहील.

पाटपाणी
ठीक. वकीलसाहेबांशी बोललो. बँक खाते आणि पगार एका दरखास्तीत मागायचं ठरतंय, फ्लॅटची जप्ती त्यातच घालायची की नंतर, यावर ते अजून विचार करतायत. कुणी नंतर घातली असेल तर काय झालं ते जरूर लिहा.