पत्रातली अट कशासाठी?

"आमच्या नाल्यावरच्या सहा मीटर गाळ्याच्या जुन्या पुलाच्या भारक्षमतेच्या पत्रात लिहिलंय: एका वेळी एकच गाडी, मधोमध, ताशी १० किमी. गाठींचा ट्रक हळू न्यायचा की नाही न्यायचा?"

भाऊ, आधी पत्रातला आसभाराचा, म्हणजे चाकांच्या एका आसावर येणाऱ्या वजनाचा आकडा पाहा. सहा मीटरच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, लांब ट्रक पूर्ण मावतच नाही, त्यामुळे एकूण वजनापेक्षा मागच्या जोडआसाचा, म्हणजे जवळजवळच्या दोन आसांचा मिळून भार महत्त्वाचा. २०१८ मध्ये त्याची मर्यादा १९ वरून २१ टन झाली. पूल मात्र तोच राहिला.

आता वेग. गाडीच्या धक्क्यासाठी भारात भर धरतात. काँक्रीटच्या पुलाला आपल्या रस्ते-पुलांच्या नियमसंकेतातलं सूत्र ४.५ भागिले (६ + मीटरमधला गाळा), म्हणजे इथे साडेसदतीस टक्के. २१ टनांचे जवळजवळ २९ होतात. रांगत चाललात तर ही भर बरीच उतरते, अट त्यासाठीच. पण मूळ २१ तसेच राहतात, आणि पत्रात आसभार १९ असेल तर हळू जाऊनही चालणार नाही. गाठी कमी करा.

मधोमध का, तर स्लॅबची कड सर्वात कमजोर. आमच्याकडच्या पुलाखाली मी खडूने भेगेच्या टोकाला तारीख लिहिली होती. दोन महिन्यांत भेग खडूच्या वीतभर पुढे गेली. असं दिसलं, किंवा पुराने पायाजवळची माती खरवडली, तर जुन्या पत्रावर विसंबू नका, फेरतपासणी मागा.