सासूबाईंच्या गोळ्यांचा तक्ता, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परळला राहतो, सासूबाई ७८ वर्षांच्या, थायरॉइड, शुगर, बीपी सगळंच आहे आणि आता लोह आणि कॅल्शियमपण चालू झालंय. बाजारातल्या डबीत सकाळ-दुपार-रात्र एवढेच कप्पे, त्यामुळे सकाळच्या कप्प्यात थायरॉइड आणि कॅल्शियम एकत्र पडतं आणि तेच नको आहे, कारण कॅल्शियम किंवा लोह जवळ घेतलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर लागतं. म्हणून मी कागदावर घड्याळाच्या वेळेचे रकाने पाडलेत. ६ ला थायरॉइड नुसत्या पाण्याबरोबर, ७ ला चहा-नाश्ता आणि शुगर-बीपीच्या गोळ्या, १ ला जेवणासोबत कॅल्शियम, रात्री जेवणासोबत पुन्हा शुगरची.

अडकलंय ते लोहाचं. ते कॅल्शियमपासून लांब हवं आणि चहाबरोबर तर नकोच, पण त्यांचा ४ चा चहा काही सुटत नाही. संध्याकाळी ६ ला ठेवलं तर चालेल का? डॉक्टरांना दाखवणारच आहे, पण कुणाकडे असं बसवलंय का ते आधी कळलं तर बरं.

दुसरं म्हणजे दिवसा बघणाऱ्या ताईंना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे प्रत्येक रकान्यात रिकामं पाकीट चिकटवलंय, पण केमिस्टने कंपनी बदलली की रंग बदलतो आणि त्या गोंधळतात. यावर कुणी काय करतं? आणि गोळी दिल्याची टिक कोण करतं, देणारा की घेणारा?