निमंत्रणपत्रात मानधनापुढं 'नियमानुसार' लिहिलं, पुढं काय झालं?

सांगलीकरीण
गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या धर्मावरच्या चर्चासत्राला पुण्याहून एक अभ्यासक बाई आल्या. पत्र मीच लिहिलं होतं. विषय टाकला 'भारतीय समाज आणि धर्म', मानधनापुढं 'नियमानुसार'. बाई वेदान्ताची तयारी करून आल्या आणि आम्ही वाट बघतोय मिरजेच्या उरसाची! मानधन तीन महिने अडकलं, ते वेगळंच. यंदा पुन्हा पत्र लिहायचंय. तुमचे अनुभव सांगा.

यात्रेकरू
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे अशी पत्रं ज्याला येतात तो. एका ओळीचा विषय आला की मी माझं ठेवणीतलं व्याख्यान काढतो, खोटं कशाला बोलू? तुमचा विषय मला असा आला असता तर नवं वाचून आलो असतो:

'मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. गाणारे-ऐकणारे त्याला सेवा मानतात की मैफल, यावर आपण ४५ मिनिटं बोलावं. पुढची २० मिनिटं प्रश्नांना. श्रोते पदवीच्या शेवटच्या वर्षाचे, साठेक. बहुतेकांनी उरूस पाहिलाय, त्यावर वाचलेलं मात्र काही नाही.'

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. आणि हे व्याख्यान आहे, प्रवचन नव्हे, हेही लिहा. एका गावी माझी ओळख 'ह.भ.प.' म्हणून करून दिली आणि पहिल्या रांगेतल्या आजी पाया पडायला उठल्या.

माण तालुका
आमच्याकडं सप्ताहाला कीर्तनकार बोलावतो. पत्रबित्र नसतंय, फोन करायचा, निघताना नारळ आणि पाकीट. आकडा बोलला की महाराजांचा मान जातो. तुम्ही एवढा कागद कशाला करताय?

सांगलीकरीण
दादा, आमच्या पाकिटाला व्हाउचर लागतं हो.

नवा प्राध्यापक
मानधनावर १० टक्के टीडीएस कापतातच. म्हणून मी पत्रात चार हजार न लिहिता सरळ ३,६०० लिहितो, नंतर वाद नको.

लेखाशाखा
सर, दर बरोबर आहे, पण कापतातच असं नाही. एका संस्थेकडून एका वर्षात अशी फी ५० हजारांच्या आत असेल तर आम्ही कापत नाही. २०२५ च्या एप्रिलआधी ही मर्यादा ३० हजार होती. तुम्ही वक्त्याचे चारशे फुकट घालवताय. पत्रात नेहमी पूर्ण रक्कम लिहा, कपात झालीच तर ती आमच्याकडं होईल. परदेशात राहणाऱ्या वक्त्याला मात्र ही सूट नाही, तिथं आधी विचारा.

आता मॅडम, तुमचं बिल का अडकलं ते सांगतो. बिलाला निमंत्रणपत्राची प्रत जोडतात. त्यात 'नियमानुसार' असलं की मी कुठला नियम बघू? दोन ओळी पुरतात: 'मानधन ४,००० रुपये. प्रवासखर्च एसी थ्री टियरपर्यंत, तिकिटाप्रमाणे, मानधनाव्यतिरिक्त.' ते 'व्यतिरिक्त' विसरलात तर वक्ता समजतो वेगळं आणि मी समजतो त्यातच. पॅन आणि रद्द केलेला चेक आणायलाही पत्रातच सांगा. चहा पिऊन गाडीत बसलेल्या माणसाकडं चेक मागायला मलाच लाज वाटते.

माहुली स्टेशन
साताऱ्याचा अनुभव. आम्ही मुंबईच्या सरांना लिहिलं, 'महालक्ष्मी एक्सप्रेसने यावे, स्टेशन गावातच आहे.' गाडी साताऱ्याला येते अपरात्री आणि स्टेशन आहे माहुलीला, गावापासून सहा-सात किलोमीटर. सर फलाटावर उजाडेपर्यंत बसले. दुपारी बोलले छान, पण दोनदा जांभई दिली. आता आम्ही कोण घ्यायला येणार आणि त्याचा मोबाइल पत्रातच देतो. सांगली-मिरजेला तीच गाडी पहाटे पोचते, तुमचं बरं आहे.

वाईकर
आमचे पाहुणे जर्मनीहून येणार होते. ते म्हणाले, पर्यटक व्हिसा आहेच. त्या व्हिसावर चर्चासत्रात बोलता येत नाही, परिषदेचा वेगळा व्हिसा लागतो आणि त्याच्या अर्जाला आमचंच पत्र जोडावं लागतं. आमच्या पत्रात तारीख 'फेब्रुवारीचा दुसरा आठवडा' अशी होती, ती चालेना. नवं पत्र, नवी सही, नवा जावक क्रमांक. तोवर फेब्रुवारी संपला.

सांगलीकरीण
लेखाशाखा, ४,००० सरळ लिहीन. पण पत्र प्राचार्यांच्या सहीला जाताना तीन टेबलं फिरतं. स्थानिक वक्त्यांना आम्ही १,५०० देतो, त्यांना आकडा कळला तर?

लेखाशाखा
मानधनाचं पत्र वेगळं काढा, दोन्हींवर जावक क्रमांक घाला.

यात्रेकरू
ते नको. वेगळं पत्र मला दोनदा मिळालंच नाही. आणि स्थानिकांना १,५०० का, हे मलाही कळलेलं नाही. उरूस तर त्यांच्याच गावचा.