पोळ्याचा नैवेद्य, म्हातारा बैल आणि ढोंगाचा आरोप

पुणे_निवासी: पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारायची आणि दुसऱ्या दिवशी चाबूक. ही भक्ती नाही, ढोंग आहे. सगळ्या धर्मांत जनावरांचं हेच.

देवणीवाला, लातूर: एकदा खांदमळणीला येऊन बसा, मग ढोंग म्हणा. जू घासून टणक झालेल्या खांद्याला लोणी-हळद चोळली की बैल मान खाली घालून डोळे मिटतो, मी 40 वर्षं बघतोय. पण पुरणपोळीबद्दल राग बरोबरय. आमच्या सर्जाला अख्ख्या आळीनं पोळ्या चारल्या, वरून गव्हाचं पीठ न गूळ. कडब्याची सवय असलेल्या पोटात एवढं गोड-पिठूळ एकदम गेलं की ते आंबतं, आम्ल होतं. सकाळी रवंथ बंद, शेण पातळ न आंबूस, करकर दात खात उभा. डॉक्टरनी सोडा पाजला, सलाईन लावलं, पण तोवर बसला होता तो उठलाच नाही. आता देवाच्या नावानं एकच घास, बाकी हिरवा चारा.

बीडचा_गडी: गोडंतेल पाजायचं होतं दादा, आमची म्हैस वाचली त्यानं.

देवणीवाला, लातूर: तुमच्या म्हशीला फेसाची पोटफुगी असंल, तिला तेल चालतं. आंबलेल्या पोटाला तेलानं काय होत नाही, वेळ मात्र जातो.

परभणी_शेतकरी: पोळीवर काय भांडताय, खरा छळ म्हातारपणी असतो! गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यापासून बंदी होतीच, पण बैल दाखला घेऊन कत्तलीला विकता यायचा, 2015 ला तेही बंद. माझा 16 वर्षांचा बैल औताला चालत नाही, बाजारात कुणी दावं धरत नाही, रोज 8-10 किलो कडबा लागतो. मारू नका म्हणणारा एकजण तरी पेंढी घेऊन येतो का?

गोदाकाठची_जैन: पांजरपोळात सोडा ना. आमच्यात बैल देव म्हणून नाही, जीव म्हणून सांभाळतात, तिथं आंधळी शेळी न पंख मोडलेलं कबूतरही असतं.

परभणी_शेतकरी: दोनदा जाऊन आलो ताई, जागा नाही म्हणाले! सल्ला सोपा असतो.

गोदाकाठची_जैन: जागेचं खरंय, दुष्काळात आमच्याकडंही दाटी होऊन जनावरं दगावलीत.

शेख, अंबाजोगाई: "सगळ्या धर्मांत हेच" म्हणणाऱ्याला सांगतो, आम्ही बकऱ्याला देव मानत नाही. तरी कुर्बानीला आजारी, लंगडं चालत नाही, त्याच्या डोळ्यासमोर सुरीला धार लावायची नाही, दुसऱ्या जनावरासमोर कापायचं नाही. वडील बकऱ्याला आधी पाणी दाखवायचे. पण बाजाराला येताना ट्रकात कोंबून आणतात तेव्हा यातलं काही पाळत नाहीत, हे मी आमच्या लोकांना तोंडावर सांगतो.

पुणे_निवासी: बरं, ढोंग शब्द मागे, आणि सगळे धर्म एकाच मापात घातले तेही चुकलं. चाबकाचं मागे घेणार नाही.

देवणीवाला, लातूर: घेऊ नका. आमच्या सालगड्याच्या हातातून लोखंडी टोकाची पराणी मीच काढून घेतलीय, तिच्या टोकानं सर्जाच्या पुठ्ठ्यावर भोकं पडली होती.

परभणी_शेतकरी: आणि माझा बैल? आत्ता अंगणात बसलाय, उठवायला दोन माणसं लागतात.