माइक लांब नको, बाजूला घ्या

"पॉप फिल्टर लावूनही 'प' आणि 'भ' ला धप्प आवाज येतो, माइक फूटभर लांब नेला तर खोली घुमते."

घुमणारच. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, तो भरून काढायला गेन वाढवला की खोलीही तेवढीच वर येते. त्यापेक्षा तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरून 'फाटक' म्हणा, हवेचा झोत लागेल. आता हात ओठांच्या कोपऱ्यापलीकडे सरकवा, झोत जवळपास नाहीसा होतो, आवाज मात्र तिथेही पोचतोच. माइकची जागा तीच. साधारण १५ सेंटिमीटरवर, थोडा तिरका, पण माइकचं तोंड ओठांकडे वळलेलं. फिल्टर बहुधा माइकला चिकटवलेला असेल. मध्ये तीन-चार बोटं जागा नसेल तर हवा विखुरण्याआधीच आत घुसते. एवढं करूनही हलका धक्का उरला तर ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा हाय-पास फिल्टर लावा. धक्क्याने रेकॉर्डिंगच क्लिप होऊन फाटलं असेल तर मात्र हाय-पास काही वाचवत नाही, ते वाक्य पुन्हा घ्यायचं.

स्टेजवर १५ सेंटिमीटर परवडत नाही, फीडबॅक येतो. तिथे दोन-तीन बोटांवर, हनुवटीच्या पातळीला धरून माइकचं टोक ओठांकडे वर वळवा, म्हणजे झोत वरून निघून जातो. आणि जाळी मुठीत धरू नका (गायकांची आवडती पोझ!), त्याने माइकची दिशा पकडण्याची क्षमताच बिघडते आणि शिट्टी वाजते.